बरोबरची खूण, पण नेमकी कोणती?

सोमवारी रात्री नऊच्या सुमारास सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर यादी येते. चोवीस फ्लॅट, चोवीस नावं, आणि वर एक ओळ: "वर्गणी भरलेल्यांनी आपल्या नावापुढे खूण करून यादी पुन्हा ग्रुपवर टाकावी." पहिल्या मजल्यावरचे काका ✅ टाकतात. त्यांच्या समोरच्या वहिनी ✔️ टाकतात. ऑफिसच्या लॅपटॉपवर बसलेला एक मुलगा कुठूनतरी ✓ आणून चिकटवतो. निवृत्त मास्तर कीबोर्डवर बरंच शोधून √ टाकतात. एका मावशींना खूण सापडतच नाही, त्या 👍 टाकून मोकळ्या होतात.

प्रसंग कल्पित आहे. पण गणपतीच्या आधीच्या पंधरवड्यात असा एकही ग्रुप नसलेला माणूस शोधावा लागेल. या पाच खुणा माणसाच्या डोळ्याला एकच गोष्ट सांगतात. फोनला, संगणकाला आणि छपाईच्या यंत्राला मात्र ती पाच वेगवेगळी अक्षरं दिसतात. 'क' आणि 'ख' जितके वेगळे, तितकीच.

मास्तरांच्या खुणेपासून सुरुवात करू, कारण ती मुळात बरोबरची खूण नाहीच. √ हे वर्गमुळाचं चिन्ह आहे. पण त्याचा असा वापर मास्तरांनी काढलेला नाही. पूर्वीच्या आयबीएम पीसीच्या अक्षरसंचात मोजकी २५६ चिन्हं मावत आणि त्यात टिक नव्हती. वर्गमूळ मात्र होतं, २५१ व्या जागी. Alt दाबून धरून 251 टाइप केलं की √ उमटायचं, आणि टंकलेखकांनी तीच टिक मानली. आजही फॉर्मवर "योग्य पर्यायापुढे √ अशी खूण करा" असं छापलेलं सापडतं. मास्तरांच्या अँड्रॉइड फोनवर गूगलचा जीबोर्ड असेल, तर तिथेही हा घोटाळा व्हायला वाव आहे. आकड्यांच्या पानावरून पुढच्या चिन्हांच्या पानावर गेलं, की पहिल्या ओळीत π च्या शेजारी √ दिसतं. खरी टिक त्याच पानावर खाली, © ® ™ यांच्या रांगेत आहे. घाईत माणूस आधी दिसेल ते दाबतो.

खऱ्या साध्या खुणेचं, म्हणजे ✓ चं, घराणं मोठं आहे. हर्मान झाफ हा जर्मन अक्षररचनाकार. त्याने काढलेल्या हजारावर रेखाटनांमधून ३६० चिन्हं निवडून १९७८ मध्ये 'झाफ डिंगबॅट्स' हा चिन्हांचा फॉन्ट निघाला: तारे, बाण, कात्री, पेन, फुल्या आणि टिका. पुढे लेझर प्रिंटरांबरोबर तो जगभर पोचला. सगळ्या लिप्यांना एकेक क्रमांक देणारी युनिकोड प्रणाली आली, तेव्हा झाफची चिन्हं तिने जवळजवळ त्याच क्रमाने उचलली. बारीक ✓ ला U+2713 आणि जाड ✔ ला U+2714 हा क्रमांक मिळाला.

"जवळजवळ" म्हणायचं कारण गमतीचं आहे. झाफच्या काही चिन्हांना युनिकोडमध्ये आधीच दुसरीकडे घर मिळालेलं होतं. टेलिफोनचं ☎ हे त्यातलंच एक. त्यामुळे झाफच्या क्रमात टेलिफोनची जी जागा होती, ती U+2705, रिकामी राहिली. २०१० मध्ये, जपानी मोबाइल कंपन्यांच्या फोनवरची इमोजी युनिकोडमध्ये घेताना, ही पोकळी भरली गेली. आज आपण दिवसभर टाकतो ते ✅ टेलिफोनच्या रिकाम्या खुर्चीत बसलेलं आहे. त्याचं अधिकृत नाव 'पांढरी जाड टिक' असं आहे. युनिकोडच्या भाषेत 'पांढरी' म्हणजे नुसती बाह्यरेषा असलेली, आतून पोकळ. फोन कंपन्यांनी मात्र ती हिरव्या चौकोनात बसवली, आणि तो हिरवा रंगच तिची ओळख झाला.

वहिनींची ✔️ ही या दोघींच्या मधली आहे, आणि सर्वांत जास्त घोळ तिचाच. ✔ हे मूळचं साधं अक्षर. पुढे त्याला इमोजी म्हणूनही मान्यता मिळाली. मग एखाद्या ठिकाणी ते साधं दाखवायचं की इमोजीसारखं, हे ठरवायला त्याच्या मागे आणखी एक अक्षर जोडता येतं, जे डोळ्याला दिसत नाही. U+FE0F जोडलं तर इमोजी, U+FE0E जोडलं तर साधं. काहीच जोडलं नाही तर फोन आपल्या मनाने ठरवतो. म्हणून एकाने बारीक, काळी, अक्षरांच्या रांगेत बसणारी खूण पाठवली, तरी दुसऱ्याच्या फोनवर ती फुगलेलं चित्र होऊन उतरू शकते. साध्या रूपात ती अक्षरांचा रंग घेते, म्हणजे डार्क मोडमध्ये पांढरी होते. इमोजी रूपात तिचा रंग ठरलेला असतो आणि काही फोनवर तो इतका गडद असतो, की काळ्या पडद्यावर खूण शोधावी लागते. बारीक ✓ ला ही बाधा नाही. ती इमोजी म्हणून कधी नोंदलीच गेलेली नाही.

साधी खूण हवी असेल तर ✓, रंगीत हवी असेल तर ✅. मधली ✔️ टाळलेलीच बरी.

आता या दोघींत कोणती? "रंगीत आहे ती उठून दिसते" इतक्यावर बहुतेक जण थांबतात, आणि फोनच्या पडद्यापुरतं ते खरंही आहे. देवनागरी फॉन्टांमध्ये ✓ बहुधा नसतेच. फोन ती दुसऱ्या फॉन्टातून उसनी आणतो. त्यामुळे शिरोरेखेला धरून चाललेल्या ओळीत ती किंचित बारीक, किंचित खाली बसल्यासारखी वाटते. चोवीस नावांच्या यादीवरून अंगठा सरकवताना ती नजरेतून निसटते. ✅ निसटत नाही. ज्या यादीला फोनच्या बाहेर जायचंच नाही, तिथे ✅ घ्यावं आणि पुढचा विचार करू नये.

पण न झालेल्या कामाचं काय? यादीतली खूण एकटी कधीच नसते. तिच्याबरोबर खूण नसलेली जागाही वाचली जाते. ✅ च्या जोडीला ⬜ घेतलं तर दोन्हींची रुंदी साधारण सारखी राहते आणि नावं एका रेषेत येतात. पुष्कळ जण मात्र ☐ आणि ☑ ही जोडी उचलतात, कारण कागदावर ती जुळी बहीण-भाऊ दिसतात. फोनवर त्यांची ताटातूट होते. ☑ ला इमोजीचा दर्जा आहे, ☐ ला नाही. परिणामी एक रंगीत आणि मोठं, दुसरं काडीसारखं बारीक. झालेली आणि न झालेली कामं दोन वेगळ्या याद्यांतून आणून चिकटवल्यासारखी दिसतात.

तिसरी पद्धत संगणकवाल्यांची. प्रोग्रॅम लिहिणारी मंडळी यादी अशी लिहितात:

```
- [x] मंडप
- [ ] ढोल-ताशा
```

इथे x म्हणजे "काम झालं". मराठी शाळेत शिकलेल्या माणसाला मात्र फुली म्हणजे चूक, फार तर रद्द. मंडप ठरला असताना "मंडप रद्द का केला?" असा फोन येण्याची पूर्ण सोय. हिरव्या चौकोनातली फुली, ❎, त्याहून फसवी: रंग होकाराचा, आकार नकाराचा. यादीत तिला जागाच देऊ नये.

खुणेचा अर्थ जगभर एक आहे, असंही नाही. जपानमध्ये शिक्षक बरोबर उत्तराभोवती गोल काढतात, आणि टिक सहसा चुकलेल्या उत्तरावर पडते. इमोजींमध्ये दिसणारं लाल वर्तुळ ⭕ हे तिथलं "बरोबर" आहे. फिनलंडमध्येही तपासलेल्या पेपरावरची टिक चूक दाखवते. मुलगा हेलसिंकीत शिकत असेल, तर त्याच्या पेपरचा फोटो पाहून लगेच पेढे वाटू नयेत.

सोसायटीकडे परत येऊ. मंगळवारी रात्री खजिनदार यादी मोजायला बसतात. शेवटच्या संदेशात सतरा खुणा आहेत. घरटी वर्गणी एक हजार एक रुपये, म्हणजे सतरा हजार सतरा जमायला हवेत. खात्यातले आणि हातातले मिळून भरतात सोळा हजार सोळा. एक वर्गणी कमी. पण एकेका नावाचा पैशांशी ताळा घातला, तर चुका एक नव्हे, तीन निघतात.

दोघांच्या नावापुढे खूण आहे, पैसे नाहीत. एकाने ✅ टाकलं ते "निरोप वाचला" म्हणून. दुसरं 👍 मावशींचं: "देते, उद्या." तिसरी चूक उलटी आहे. फ्लॅट २०३ ने पैसे भरलेत, खूणही केली होती, पण शेवटच्या यादीत ती नाही. खुणा सतरा, त्यातल्या खऱ्या पंधरा, आणि हरवलेली एक: सोळा. हिशेब जुळला, पण रात्रीचे अकरा वाजले.

२०३ ची खूण कुठे गेली? व्हॉट्सॲपवरचा संदेश ज्याने पाठवला त्यालाच बदलता येतो, तोही पंधरा मिनिटांच्या आत. म्हणून ग्रुपवरच्या यादीत खूण करायची म्हणजे अख्खी यादी कॉपी करायची, आपली खूण घालायची आणि नवा संदेश म्हणून पुन्हा टाकायची. नऊ वीसला यादीत पाच खुणा होत्या. २०३ आणि ३०४ या दोघांनी एकाच वेळी ती कॉपी केली. २०३ ने सहा खुणांची यादी टाकली. अर्ध्या मिनिटाने ३०४ ने टाकली, तीही सहा खुणांचीच, कारण तिच्यात २०३ ची खूण नव्हती. पुढच्याने सर्वांत खालची यादी उचलली आणि २०३ कायमचे गळाले. ✅ वापरलं असतं काय किंवा ✓ वापरली असती काय, हे टळलं नसतं. इथे दोष खुणेचा नसून फिरत्या यादीचा आहे. यादी एकाच्या हातात राहावी. बाकीच्यांनी नुसतं "२०३, भरले" लिहावं, आणि खुणा खजिनदारांनी कराव्यात. नुसतं कोण येणार, कोण नाही इतकंच विचारायचं असेल, तर व्हॉट्सॲपवरचं मतदान यादीपेक्षा बरं, कारण तिथे एकाचं उत्तर दुसऱ्याचं उत्तर पुसत नाही.

बुधवारी खजिनदारांची मुलगी यादी स्प्रेडशीटमध्ये चिकटवते. ✅ शोधलं की नऊच सापडतात. चार ✔️ वेगळ्या, दोन ✓ वेगळ्या, मास्तरांचं वर्गमूळ वेगळं, मावशींचा अंगठा वेगळा. चार ✔️ सुद्धा एकमेकांसारख्या असतीलच असं नाही. एखादीच्या मागे ते न दिसणारं अक्षर आहे, एखादीच्या मागे नाही. मोजायचीच यादी असेल तर खुणेचं अक्षर वापरण्यापेक्षा गूगल शीट्समधला चेकबॉक्स घ्यावा. तो टिकेसारखा दिसतो, पण आत फक्त TRUE किंवा FALSE असतं, आणि C रकान्यातली चोवीस घरं एका ओळीत मोजून होतात:

```
=COUNTIF(C2:C25,TRUE)
```

मग यादी छापून लिफ्टजवळ लावायची ठरते. इथे ✅ ची मिजास उतरते. काळ्या-पांढऱ्या प्रिंटरवर हिरवा चौकोन राखाडी ठोकळा होतो, आणि त्याची झेरॉक्स काढली की आतली पांढरी टिक जवळजवळ बुजते. लांबून पाहणाऱ्याला नावांपुढे डाग पडल्यासारखे वाटतात. ✓ ही शाईच्या एका फटकाऱ्याची खूण. ती झेरॉक्सच्या झेरॉक्सवरही वाचता येते. जी यादी कधी ना कधी कागदावर जाणार आहे, ती पहिल्यापासून ✓ ने करावी.

वर्डमधून खूण आणणाऱ्यांसाठी एक सावधगिरीची सूचना. वर्डमध्ये पुष्कळ जण टिक 'विंगडिंग्ज' या फॉन्टातून घेतात. त्या फॉन्टात जिथे टिक आहे, तिथे इतर फॉन्टांत ü हे जर्मन अक्षर असतं. मजकूर कॉपी करून व्हॉट्सॲपवर चिकटवला, की विंगडिंग्ज मागे राहतो आणि नावापुढे ü उमटतं, नाहीतर रिकामा चौकोन. जुन्या श्रीलिपीत टाइप केलेला मजकूर ईमेलमध्ये उघडल्यावर जी इंग्रजी अक्षरांची भेळ दिसायची, तिच्याच जातीचा हा आजार: अर्थ अक्षरात नव्हता, फॉन्टात होता. वर्डमध्ये 2713 टाइप करून लगेच Alt आणि X दाबलं, तर खरी ✓ येते आणि ती कुठेही नेली तरी टिकते.

काही सभासद व्हॉट्सॲपवर नसतात. त्यांना एसएमएस जातो, आणि तिथे खुणेला चक्क किंमत पडते. एसएमएसच्या मूळ अक्षरसंचात १६० अक्षरं मावतात, पण त्यात इंग्रजी आणि काही युरोपीय अक्षरंच आहेत. त्याबाहेरचं एक जरी अक्षर आलं, की सबंध संदेश दुसऱ्या पद्धतीने पाठवला जातो आणि मर्यादा ७० वर येते. रोमन लिपीत मराठी लिहिणाऱ्याने शेवटी हौसेने एक ✓ किंवा ✅ टाकलं, की शंभर अक्षरांचा एक संदेश दोन संदेशांचा होतो. रुपयाचं ₹ हे चिन्हही हाच उद्योग करतं. म्हणून अशा संदेशात Rs आणि नुसतं OK लिहिणं शहाणपणाचं. देवनागरीत लिहिणाऱ्याला ही चिंता नाही. देवनागरी संदेश साधारणपणे ७० च्याच हिशेबात जातो. मात्र तिथे 'वर्गणी' हा तीन अक्षरांचा शब्द सहा अक्षरांचा मोजला जातो, कारण हलन्त आणि वेलांटी वेगळी धरली जाते. खूण फुकट, वेलांटीला पैसे.

आणि ज्यांना पडदा दिसत नाही, त्यांच्यासाठी? दृष्टिहीन माणसं फोनमधल्या वाचकाकडून संदेश ऐकतात. हा वाचक इमोजीचं नाव उच्चारतो, बहुधा इंग्रजीत, आणि दरवेळी. प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला ✅ असेल तर चोवीस वेळा आधी ते लांबलचक नाव आणि मग सभासदाचं. ✓ च्या बाबतीत अडचण उलट: काही वाचक तिचं नाव घेतात, काही सेटिंगप्रमाणे तिला गाळून पुढे जातात, आणि मग भरलेले-न भरलेले सारखेच ऐकू येतात. दोन्हींवर एकच उपाय लागू पडतो. नाव आधी, खूण नंतर, आणि खुणेबरोबर एक शब्द: "२०३ ✓ भरले". हा शब्द डोळसांच्याही कामी येतो. "वाचलं", "येणार" आणि "भरले" यांतलं काय म्हणायचं आहे, हे खूण एकटी सांगू शकत नाही, हे त्या सोळा हजार सोळांनी दाखवलंच आहे.

सार्वजनिक पोस्टमध्ये हा घोळ आणखी वाढतो. फेसबुक-इन्स्टाग्रामवर लिहिताना मुद्द्यांपुढे ठिपके देण्याची सरळ सोय नसते, म्हणून लोक प्रत्येक मुद्द्यापुढे ✅ ठोकतात. शिबिराच्या जाहिरातीत "✅ सोबत पाण्याची बाटली आणावी" असं वाचलं, की बाटली आयोजक देणार की आपण न्यायची, अशी शंका येते. खूण म्हणते झालं, वाक्य म्हणतं करा. नुसते मुद्दे मांडायचे असतील तर ठिपका पुरतो, आणि तो •, √ च्या शेजारीच कीबोर्डवर आहे. व्हॉट्सॲपवर ओळीच्या सुरुवातीला - टाकून जागा सोडली तर ठिपका आपोआप येतो. टिक झालेल्या गोष्टीसाठी राखून ठेवावी, नाहीतर ती खरंच काही झाल्यावर वापरायला शिल्लक राहत नाही.

✓ आयफोनच्या नेहमीच्या कीबोर्डवर नाही. तिथे सेटिंगमधल्या Text Replacement मध्ये ती एकदा चिकटवून तिला "टिक्" असं छोटं नाव दिलं, की पुढे ते नाव टाइप केल्यावर खूण येते. विंडोजवर विंडोजची कळ आणि पूर्णविराम एकत्र दाबले की इमोजींबरोबर चिन्हांचंही पान उघडतं.

पुढच्या वर्षी यादी टाकणाऱ्या खजिनदारांनी एवढंच करावं: नावांच्या वर एक ओळ लिहावी, "✓ म्हणजे पैसे मिळाले. खूण मी करीन, यादी कॉपी करू नये." आणि मास्तरांना √ कुठे असतं ते माहीत आहेच, ✓ त्याच पानावर दोन ओळी खाली आहे, हे त्यांना प्रत्यक्ष दाखवून यावं.